हजार सबस्क्रायबर झाले की नोकरी सोडू का?

*मी ३१ वर्षांचा आहे. तालुक्याच्या गावी मोटर भरण्याच्या दुकानात कामाला आहे, पगार १७ हजार. शेतीपंप, स्टार्टर, पाणबुडी मोटर यांच्या दुरुस्तीचं मराठी यूट्यूब चॅनल ११ महिन्यांपूर्वी सुरू केलं. १९ शॉर्ट्स आणि १२ मोठे व्हिडिओ टाकले. एका शॉर्टला २ लाख ४० हजार व्ह्यूज आले, पण वॉच टाइम अजून २१० तासच दिसतो. सबस्क्रायबर ६४० आहेत. मेहुणा म्हणतो, एक एजंट ९ हजारांत हजार सबस्क्रायबर आणि ४ हजार तास पूर्ण करून देतो, मग दर महिन्याला पैसे सुरू. चांगला कॅमेरा घ्यायला ७० हजारांचं कर्ज काढावं आणि नोकरी सोडून पूर्ण वेळ यातच उतरावं असं मनात आहे. बायकोचा विरोध आहे. मला खरं काय ते सांगा. किती दिवसांत पैसे सुरू होतील?*
— एक वाचक, सातारा जिल्हा

तुम्ही आकडे दिलेत हे फार बरं केलंत. बहुतेक पत्रांत नुसतं ‘चॅनल वाढत नाही’ एवढंच असतं. तुमच्या आकड्यांवरून हिशेब मांडता येतो, म्हणून तोच मांडते. हिशेब पाहून तुम्ही थोडे नाराज व्हाल, पण तुमच्या चॅनलची खरी कमाई कुठे आहे तेही त्यातूनच दिसेल.

आधी नियम. यूट्यूबच्या पार्टनर प्रोग्रॅमचे दोन टप्पे आहेत. जाहिरातींचा वाटा हवा असेल तर १,००० सबस्क्रायबर लागतात. सोबत मागच्या ३६५ दिवसांत ४,००० तासांचा वैध सार्वजनिक वॉच टाइम, किंवा मागच्या ९० दिवसांत शॉर्ट्सना १ कोटी व्ह्यूज. याच्या अलीकडे एक पहिली पायरी आहे. तिथे ५०० सबस्क्रायबर, ९० दिवसांत ३ सार्वजनिक व्हिडिओ आणि वर्षात ३,००० तास, किंवा शॉर्ट्सना ९० दिवसांत ३० लाख व्ह्यूज एवढं पुरतं. पण या पायरीवर जाहिरातींचे पैसे मिळत नाहीत. चॅनल मेंबरशिप, सुपर थँक्स, सुपर चॅट अशा, म्हणजे प्रेक्षकाने स्वतःच्या खिशातून द्यायच्या गोष्टी उघडतात. रात्रीच्या लाइटला मोटर चालू करायला गेलेला शेतकरी मोटर का गुणगुणतेय ते बघायला येतो आणि उत्तर मिळालं की निघून जातो. तो सुपर थँक्स देईल ही आशा तुम्ही धरू नका.

म्हणजे ५०० ची पायरी सबस्क्रायबरच्या बाजूने तुम्ही ओलांडलीय, हजारही होतील. तुमचं गाडं तासांवर अडलंय. हजार सबस्क्रायबर झाले की पगार सुरू, हा समज गावोगावी पसरलाय, कारण हजाराचा आकडा चॅनलच्या नावाखाली सगळ्यांना दिसतो आणि तासांचा आकडा फक्त मालकाला दिसतो.

तुमचे २१० तास म्हणजे १२,६०० मिनिटं. तुमचा प्रेक्षक मोठ्या व्हिडिओवर सरासरी अडीच मिनिटं थांबतो असं धरलं, तर १२ व्हिडिओंना मिळून साधारण ५ हजार व्ह्यूज झाले, दर व्हिडिओला चारशेच्या आसपास. नवख्या मराठी तांत्रिक चॅनलसाठी हे वाईट नाही. पण मग तो २ लाख ४० हजारांचा शॉर्ट कुठे गेला? शॉर्ट्सच्या फीडमध्ये बघितलेला वेळ ४,००० तासांत धरलाच जात नाही. शॉर्ट्सचा रस्ता वेगळा, त्याचं माप वेगळं, आणि ते माप ९० दिवसांत १ कोटी आहे. तुमच्या सगळ्यात गाजलेल्या शॉर्टसारखे चाळीसहून जास्त शॉर्ट्स तीन महिन्यांत चालले तर ते गाठेल. तो नाद सोडा.

शॉर्ट्स बंद करा असं मात्र मी म्हणत नाही. शॉर्ट टाकताना त्याला ‘संबंधित व्हिडिओ’ म्हणून तुमचा मोठा व्हिडिओ जोडता येतो. जळालेला कंडेन्सर फुगलेला कसा दिसतो हे ३० सेकंदांत दाखवा आणि तो बदलायचा कसा यासाठी मोठ्या व्हिडिओकडे पाठवा. शॉर्टचं काम तेवढंच. हल्ली तुमचे सबस्क्रायबर बहुधा शॉर्टमधूनच आले असणार. तेव्हा त्यांना मोठा व्हिडिओ दिसला तरी ते उघडत नाहीत, याचं आश्चर्य वाटून घेऊ नका.

आता ४,००० तास किती दिवसांत होतील ते बघू. ४,००० तास म्हणजे २ लाख ४० हजार मिनिटं. प्रेक्षक सरासरी ३ मिनिटं थांबायला लागला तर मोठ्या व्हिडिओंना एका वर्षात ८० हजार व्ह्यूज हवेत. तुमच्यासारख्या चॅनलचं एक वैशिष्ट्य आहे. त्याचे व्हिडिओ पहिल्या दोन दिवसांत गाजत नाहीत. कोणाची तरी मोटर बंद पडते, तो शोधतो, व्हिडिओ सापडतो. हे वर्षानुवर्षं थोडं थोडं चालत राहतं. समजा तुम्ही आठवड्याला एक मोठा व्हिडिओ टाकलात आणि प्रत्येक व्हिडिओ दिवसाला सरासरी ४ वेळा बघितला गेला. पहिल्या वर्षाच्या शेवटी तुमच्याकडे ५२ व्हिडिओ असतील, पण ते वर्षभर हळूहळू जमलेले असल्यामुळे वर्षाचे तास भरतील साधारण १,९००. दुसऱ्या वर्षात सगळे जुने व्हिडिओ पूर्ण वेळ कामाला असतात, त्यामुळे आकडा वेगाने चढतो. ३,००० तास साधारण पंधरा-सोळाव्या महिन्यात आणि ४,००० तास एकोणिसाव्या महिन्याच्या आसपास.

तुमचे व्हिडिओ दिवसाला ८ वेळा बघितले गेले तर हेच एका वर्षात होईल. २ वेळाच बघितले गेले तर अडीच वर्षांच्या वर जाईल. एखादा व्हिडिओ अचानक चालला तर सगळं गणित अलीकडे येतं, पण तसं होईल असं धरून संसार उभा करता येत नाही. माझा अंदाज विचाराल तर दीड ते दोन वर्षं धरा. अकरा महिने आधीच गेले ते यात मोजू नका, कारण तेव्हाचे तास कमी आहेत आणि दुसरी अडचण अशी की ३६५ दिवसांपूर्वीचे तास रोज गळत जातात. मधे चार महिने थांबलात तर आकडा जागेवर राहत नाही, खाली यायला लागतो. व्हिडिओ डिलीट केला किंवा खाजगी केला तरी त्याचे तास वजा होतात. जुने व्हिडिओ ओबडधोबड वाटतात म्हणून लोक लपवतात, आणि मग आकडा का कमी झाला म्हणून विचारत बसतात.

आता ज्या प्रश्नासाठी पत्र लिहिलंत तो पैशांचा. यूट्यूब मोठ्या व्हिडिओवरच्या जाहिरातींच्या उत्पन्नातले ५५ टक्के चॅनलला देतं. शॉर्ट्समध्ये चॅनलच्या वाट्याला आलेल्या रकमेतले ४५ टक्के मिळतात. हाती काय पडतं हे यूट्यूब स्टुडिओत ‘आरपीएम’ म्हणून दिसतं, म्हणजे हजार व्ह्यूजमागे तुमच्या वाट्याला आलेली रक्कम. ती विषयावर, प्रेक्षकाच्या देशावर, ऋतूवर अवलंबून असते आणि चॅनल मॉनिटाइज होईपर्यंत, म्हणजे जाहिरातींचे पैसे सुरू होईपर्यंत, तुमची नेमकी किती ते कोणीच सांगू शकत नाही. हिशेबासाठी ४० रुपये धरू.

एकोणिसाव्या महिन्यात तुमच्याकडे ८१ व्हिडिओ असतील, दिवसाला ३२४ व्ह्यूज, महिन्याला साधारण ९,७००. हजारामागे ४० रुपयांनी महिन्याचे झाले ३९० रुपये.

हो, तीनशे नव्वद. आरपीएम दुप्पट धरलात तरी ८०० च्या आत. आणि मॉनिटाइज होण्याआधीच्या व्ह्यूजचे पैसे नंतर मिळत नाहीत. त्यात हे पैसे ज्या गुगलच्या खात्यातून येतात ते अ‍ॅडसेन्स १०० डॉलर जमेपर्यंत पैसे पाठवत नाही. डॉलरचा भाव बदलत राहतो, पण ही रक्कम ९ हजार रुपयांच्या आसपास धरा. व्हिडिओ वाढत गेले तरी त्या गतीने पहिले १०० डॉलर भरायला आणखी सोळा-सतरा महिने लागतील. नुसत्या जाहिरातींवर तुमच्या पगाराएवढे १७ हजार हवे असतील तर महिन्याला सव्वाचार लाख व्ह्यूज लागतील, तेही दर महिन्याला. पावसाळ्यात विहिरी भरलेल्या असतात, मोटरी बंद असतात, तेव्हाही.

तर तुमच्या पत्नीचा विरोध बरोबर आहे. नोकरी सोडू नका आणि कर्जही काढू नका. ७० हजारांचा कॅमेरा घेतल्याने कंडेन्सर जास्त स्पष्ट दिसेल, पण त्याने एकही जास्त माणूस तो व्हिडिओ शोधायला येणार नाही. तुमच्या कामात आवाज महत्त्वाचा. दुकानात ग्राइंडर चालू असतो, बाहेर ट्रॅक्टर. कॉलरला लावायचा एक साधा माइक, टेबलाला पकडणारा मोबाइल स्टँड आणि हातावर पडणारा एक चांगला दिवा घ्या. एवढं पुरे.

एजंटाच्या ९ हजारांबद्दल. ते तास कुठून येतात? सॉफ्टवेअरने चालवलेल्या खात्यांवरून, किंवा पैशांसाठी व्हिडिओ नुसता लावून ठेवणाऱ्या माणसांकडून. यूट्यूबच्या नियमांत याला बनावट सहभाग म्हणतात आणि त्यासाठी चॅनल बंदही होऊ शकतं. असे तास ओळखले गेले की आकड्यातून वजा होतात. ते टिकले तरी अर्ज केल्यावर चॅनलची तपासणी होते. त्यातूनही निसटलात असं समजू. तुमच्याकडे हजार असे सबस्क्रायबर असतील ज्यांना मोटरीशी देणंघेणं नाही. नवा व्हिडिओ त्यांच्यापुढे जातो, ते उघडत नाहीत, आणि हा व्हिडिओ आणखी कोणाला दाखवण्यासारखा नाही असा त्याचा अर्थ लागतो. विकत घेतलेले तास दरवाजापर्यंत नेतात, पण आतले पैसे खऱ्या व्ह्यूजवरच मिळतात, आणि ते वर सांगितले तेवढेच राहतात. ९ हजार देऊन महिन्याला दोन-तीनशे रुपयांची सोय करून घ्यायची का, हे मेहुण्याला विचारा. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरचं ‘तू मला कर, मी तुला करतो’ हाही त्याचाच फुकटातला प्रकार.

मग एवढ्यासाठी कोणी चॅनल का चालवावं? कारण जाहिरातीचा वाटा ही तुमच्यासारख्या चॅनलची सगळ्यात लहान कमाई असते. तुमचा व्हिडिओ बघणारा माणूस हसायला आलेला नसतो. त्याची मोटर बंद आहे, पिकाला पाणी द्यायचंय, खिशात पैसे काढायची तयारी आहे. असा प्रेक्षक करमणुकीच्या चॅनलला लाखो व्ह्यूज देऊनही मिळत नाही. पाच एचपीची मोटर भरायला गिऱ्हाईक काही हजार रुपये मोजतं, हे तुम्हाला माझ्याहून चांगलं माहीत आहे. महिन्याला चॅनलवरून एक जरी जास्तीची मोटर तुमच्याकडे आली, तर त्यातली मजुरी जाहिरातींच्या वर्षभराच्या पैशांना मागे टाकेल.

म्हणून मी तुमच्या जागी असते तर प्रश्न उलटा विचारला असता. ४,००० तास कधी होतील यापेक्षा, माझ्या आसपासच्या तीस-चाळीस किलोमीटरमधल्या किती शेतकऱ्यांनी मला व्हिडिओत काम करताना बघितलंय? व्हिडिओच्या वर्णनात तालुक्याचं नाव, व्यवसायासाठी वेगळा घेतलेला व्हॉट्सअ‍ॅप नंबर आणि कामाची वेळ लिहा. घरचा नंबर देऊ नका, रात्री दोनला फोन येतात.

इथे एक नाजूक गोष्ट आहे आणि पत्रात तुम्ही ती लिहिलेली नाही. दुकान तुमचं नाही. मोटरी मालकाच्या गिऱ्हाइकांच्या आहेत, बाकडं मालकाचं आहे. चॅनलवर तुमचा नंबर टाकून त्या कामाची गिऱ्हाइकं तुम्ही स्वतःकडे वळवलीत, तर गावात पत जाईल. मालकाशी आधी बोला. दुकानाचं नाव आणि नंबर व्हिडिओत द्या आणि चॅनलवरून आलेल्या कामात ठरावीक हिस्सा मागा. तयार झाले तर तुमची पहिली कमाई एका महिन्यात सुरू होऊ शकते, १९ महिने थांबायला नको. तयार नसतील तर दुकानात चित्रीकरण बंद करा, घरी जुन्या मोटरीवर आणि सुट्टीच्या दिवशी मित्रांच्या विहिरीवर करा. पुढे कधी स्वतःचं दुकान काढलंत तर तेव्हा हे चॅनल पहिल्या दिवसापासून गिऱ्हाईक आणेल.

दुसरी कमाई दुकानदारांकडून येते. स्टार्टर, केबल, कंडेन्सर विकणारा तालुक्यातला विक्रेता दहा हजार व्ह्यूजच्या चॅनलला विचारणार नाही असं वाटतं, पण ते व्ह्यूज त्याच्याच पट्ट्यातले असतील तर विचारतो. पैसे घेऊन किंवा फुकट वस्तू घेऊन व्हिडिओ केलात तर अपलोड करताना ‘पेड प्रमोशन’ची खूण करा आणि तोंडानेही सांगा. आणि जो स्टार्टर तुम्ही स्वतःच्या घरच्या मोटरीला लावणार नाही त्याची जाहिरात हजार-दोन हजारांसाठी करू नका. मोटर जळाली की शेतकरी व्हिडिओखाली येऊन लिहितो.

व्हिडिओंबद्दल दोनच गोष्टी सांगते, कारण तास त्यावरच ठरतात. पहिली म्हणजे शीर्षक. तुम्ही मिस्त्री म्हणून ‘सिंगल फेज सबमर्सिबल पंप कॅपॅसिटर फॉल्ट’ असं लिहीत असाल. शेतकऱ्याला फॉल्ट काय आहे हेच माहीत नसतं, म्हणून तो शोधतोय. त्याला दिसतं ते लक्षण. ‘मोटर गुणगुणते पण फिरत नाही’, ‘स्टार्टर दाबला की लगेच ट्रिप होतो’, ‘मोटर चालू आहे पण पाणी कमी येतं’. दुकानात आलेलं गिऱ्हाईक पहिलं वाक्य काय बोलतं ते एका वहीत लिहून ठेवा. ती वही म्हणजे तुमच्या पुढच्या ५० व्हिडिओंची यादी. अनेक जण फोनवर बोलून शोधतात, त्यामुळे बोलीतलं वाक्य जसंच्या तसं चालतं. वर्णनात तेच रोमन लिपीतही एकदा लिहा, कारण बरेच जण ‘motor firat nahi’ असं टाइप करतात.

दुसरी म्हणजे सुरुवात. स्टुडिओत प्रत्येक व्हिडिओखाली एक आलेख असतो, कितव्या सेकंदाला किती लोक उरले ते दाखवणारा. तुमच्या १२ व्हिडिओंचे आलेख उघडा. पहिल्या अर्ध्या मिनिटात रेघ धाडकन खाली आली असेल तर कारण बहुधा ‘नमस्कार शेतकरी बंधूंनो, चॅनलवर नवीन असाल तर’ हे आहे. तेवढ्यात तो दुसऱ्या व्हिडिओवर जातो. गुणगुणणाऱ्या मोटरीचा आवाज पहिल्या पाच सेकंदांत ऐकवा, दोन कारणं असू शकतात हे सांगा आणि फेज तपासण्यापासून सुरू करा. आठ मिनिटांहून मोठ्या व्हिडिओत मधे जाहिराती लावता येतात म्हणून पाच मिनिटांचं काम ओढून नऊ मिनिटांचं करणारे बरेच आहेत. अडीच मिनिटांत निघून जाणाऱ्या प्रेक्षकाला मधली जाहिरात दिसतच नाही. जिथे काम खरंच लांबतं, जसं पूर्ण मोटर भरणं, तिथे लांब व्हिडिओ करा, आणि तो लोक बघतातही. आणि प्रत्येक व्हिडिओत मेन स्विच बंद करून टेस्टरने तपासताना दाखवा. तुम्हाला सवय आहे म्हणून तुम्ही चालू लाइनला हात घालाल, बघणारा तेच करेल.

तपासणीत अडकवणारी एक गोष्ट आतापासून टाळा. दुसऱ्यांचे व्हिडिओ, कंपनीच्या जाहिरातींचे तुकडे, इकडून तिकडून आलेल्या क्लिपा जोडून त्यावर आवाज दिला तर ‘पुन्हा वापरलेला मजकूर’ म्हणून अर्ज नाकारला जाऊ शकतो, तास पूर्ण असले तरी. पहिल्यांदा नाकारलं तर ३० दिवसांनी पुन्हा अर्ज करता येतो, त्यानंतर मात्र ९० दिवस थांबावं लागतं. मागे चित्रपटातलं गाणं लावू नका. त्यावर कॉपीराइटचा दावा आला तर त्या व्हिडिओचे पैसे गाण्याच्या मालकाला जाऊ शकतात. असा दावा म्हणजे स्ट्राइक नव्हे, चॅनल त्याने बंद पडत नाही, पण कष्ट तुमचे आणि पैसे त्याचे. संगीत हवंच असेल तर स्टुडिओतल्या ऑडिओ लायब्ररीतलं घ्या. तुमच्या विषयाला त्याची गरज नाही, मोटरीचा आवाज स्पष्ट यायला हवा.

अर्जाचं काम सोपं आहे, पण गावाकडे ते तीन ठिकाणी अडतं. ३,००० तास झाले की पहिल्या पायरीवरच अर्ज करा. तिथे जाहिरातींची मिळकत नसली तरी चॅनलची तपासणी लवकर होऊन जाते, आणि पुढे ४,००० आणि हजार झाल्यावर नव्याने अर्ज करावा लागत नाही. खात्याला टू-स्टेप व्हेरिफिकेशन आधी लावून ठेवा आणि ते स्वतःच्या मोबाइल नंबरवर लावा, पुतण्याच्या नको. तपासणीला साधारण महिनाभर धरा.

पहिली अडचण अ‍ॅडसेन्सची. एका माणसाच्या नावावर एकच खातं चालतं. पूर्वी कधी ब्लॉगसाठी किंवा कोणा मित्राने करून दिलं म्हणून खातं उघडलेलं असेल तर तेच शोधून जोडा, दुसरं उघडलंत तर ते नाकारलं जाईल. खात्यावरचं नाव बँकेतल्या नावाशी जुळायला हवं. दुसरी अडचण टपालाची. खात्यात १० डॉलर जमले की तुमच्या पत्त्यावर एक पिन असलेलं पत्र येतं आणि तो पिन टाकल्याशिवाय पैसे सुटत नाहीत. पत्ता इंग्रजीत, वाडीचं नाव, पोस्टाचं गाव आणि पिनकोडसह नीट लिहा आणि पोस्टमनला आधी सांगून ठेवा, कारण ते साधं दिसणारं पत्र असतं आणि कोणाच्या तरी ओट्यावर पडून राहतं. दोन ते चार आठवडे लागतात, नाही आलं तर पुन्हा मागवता येतं. तिसरी अडचण बँकेची. पैसे परदेशातून वायर ट्रान्सफरने येतात, त्याला स्विफ्ट कोड लागतो. छोट्या शाखेला तो नसतो. बँकेत जाऊन परदेशातून पैसे यायला कोणत्या शाखेचा कोड वापरायचा आणि त्यावर बँक किती कापते हे विचारा. पतसंस्थेचं खातं देऊ नका. एकदा १०० डॉलर झाले की पुढच्या महिन्याच्या २१ ते २६ तारखेदरम्यान पैसे निघतात.

अमेरिकेच्या कराचा एक फॉर्म भरावा लागतो, तुमच्यासाठी तो W-8BEN. त्याला घाबरून लोक तो सोडून देतात आणि तिथे फसतात. फॉर्म भरला, पॅन दिला आणि भारताच्या कराराचा लाभ मागितला, तर फक्त अमेरिकेतल्या प्रेक्षकांकडून आलेल्या उत्पन्नावर १५ टक्के कापले जातात. तुमच्या चॅनलला तिथून येणार किती? न भरल्यास मात्र जगभरातून आलेल्या सगळ्या कमाईवर २४ टक्क्यांपर्यंत कपात होऊ शकते. इथल्या आयकर विवरणपत्रात हे उत्पन्न दाखवायचंच, रक्कम कितीही लहान असली तरी.

तुमच्या पत्नीला चॅनल नको आहे की नोकरी सोडणं नको आहे, हेही एकदा नीट विचारा. पत्रावरून मला वाटतं, नोकरी सोडणंच नको आहे. आठवड्यातली एक सकाळ चित्रीकरणाला आणि दोन रात्री एडिटिंगला, एवढ्यात एक व्हिडिओ होतो. बाकीचे दिवस घरचे. कमाईची चर्चा सहा महिन्यांनी करा आणि तेव्हा सबस्क्रायबर बघू नका. तीन आकडे घेऊन बसा. मोठ्या व्हिडिओला दिवसाला सरासरी किती व्ह्यूज आहेत, त्यातले निम्म्याहून जास्त यूट्यूब सर्चमधून येतात का, आणि चॅनल बघून महिन्याला किती फोन आले. पहिला आकडा ४ च्या वर आणि फोन येत असतील तर स्वतःच्या दुकानाचा विचार सुरू करा. दुकानासाठी लागणारं भांडवल हे कर्ज काढण्याजोगं कारण आहे. पहिला आकडा १ च्या खाली असेल तर आणखी पन्नास व्हिडिओ तसेच करू नका. मोटर सोडून स्टार्टर आणि पॅनेल, किंवा पावसाळ्यात चालणारे घरचे पंखे, मिक्सर, टाकीची मोटर असे विषय दहा-बारा व्हिडिओ करून तपासा.

आणि कॅमेऱ्याच्या कर्जाचा अर्ज बँकेत दिला असेल तर या आठवड्यात जाऊन मागे घ्या.